'क्वीन'च्या तबकड्यांवरची ती ओळ, आणि १९८२ साली चिडलेले चाहते

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडची पहिली तबकडी १९७३ साली आली. तिच्या वेष्टनावर कलाकारांच्या नावांसोबत एक वेगळीच ओळ छापलेली होती: या तबकडीत कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. पुढच्या काही तबकड्यांवरही ती ओळ थोड्याफार फरकाने येत राहिली. चाहत्यांनी ती पाठ केली आणि तिला बँडची प्रतिज्ञाच मानलं. म्हणून १९८२ साली याच बँडने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर उभी असलेली 'हॉट स्पेस' ही तबकडी काढली, तेव्हा अनेकांना तो विश्वासघात वाटला. रॉकमध्ये यंत्रं शिरली म्हणून जे भांडण ऐंशीच्या दशकात पेटलं, ते समजून घ्यायला मला क्वीनइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. इथे चौघांपैकी कुणी कशाला विरोध केला, कुणाच्या हातून काय सुटलं आणि पुढे काय झालं, हे सगळं गाण्यांमध्ये ऐकता येतं.

आधी त्या ओळीबद्दल. ती यंत्रांच्या विरोधात लिहिलेली नव्हती. गिटारवादक ब्रायन मे एकाच गाण्यात आपलीच गिटार पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून थरावर थर चढवत असे. त्यासाठी त्याने वडिलांसोबत घरी बनवलेली गिटार तो वापरायचा. त्या थरांमधून कधी व्हायोलिनसारखा, कधी तुतारीसारखा नाद निघे. १९७५ सालच्या 'गुड कंपनी' या गाण्यात तर त्याने जुन्या जॅझ बँडची सगळी फुंकवाद्यं गिटारवर उभी केली आहेत. ऐकणाऱ्यांना वाटायचं, हे सिंथेसायझरचं काम. एवढी मेहनत यंत्राच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून ती ओळ. पण ती वर्षानुवर्षं छापली गेली, आणि श्रेय सांगणारी ओळ चाहत्यांच्या मनात हळूहळू तत्त्व होऊन बसली.

सिंथेसायझर म्हणजे नेमकं काय? विजेच्या मंडलातून एक कंपन तयार करायचं, ते चाळणीतून न्यायचं म्हणजे त्यातला नको तो तीक्ष्णपणा कमी होतो, आणि मग तो आवाज किती झटकन उठावा, किती वेळ टिकावा, कसा विरावा हे ठरवायचं. गिटारची तार किंवा ड्रमचं कातडं इथे नाही. नाद सुरुवातीपासून विजेतूनच घडतो. सत्तरच्या दशकात रॉक बँडांच्या हाती असलेला मिनीमूग हा सिंथेसायझर एका वेळी एकच स्वर देत असे. धून वाजवायला तो उत्तम, पण कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकत्र, त्यावर धरता येत नसत. शिवाय आवाज बदलायचा तर भर कार्यक्रमात दहा-बारा खुंट्या फिरवायच्या आणि तोच आवाज पुन्हा सापडेल अशी आशा धरायची.

१९७८ ते १९८१ या काळात या दोन्ही अडचणी सुटल्या. १९७८ च्या प्रॉफेट-५ वर पाच स्वर एकत्र वाजू लागले आणि जमवलेला आवाज साठवून एका बटणावर परत आणता येऊ लागला. पाठोपाठ ओबरहाइम कंपनीचा ओबी-एक्स आला, मग रोलंडचा ज्युपिटर-८ आला. आता सिंथेसायझर अख्ख्या गाण्याला पार्श्वभूमी देऊ शकत होता. रॉक बँडमध्ये तो नेमका याच सुमारास शिरला, यात योगायोग नाही. क्वीननेही १९८० साली 'द गेम' या तबकडीत ओबी-एक्स वापरला आणि जुनी ओळ आता खरी राहिली नाही. पहिलंच गाणं त्याच्या वरून खाली घसरत येणाऱ्या आवाजाने सुरू होतं. तेव्हा फारसा कुणी आरडाओरडा केला नाही, कारण त्या आवाजानंतर गिटार, बास आणि ड्रम आपापल्या जागी होते.

याच तबकडीतलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणं नीट ऐकण्यासारखं आहे. ते बासवादक जॉन डीकनचं. त्याला कोरडा, अजिबात न हलणारा ठेका हवा होता. ड्रमर रॉजर टेलरला ही कल्पना आवडली नव्हती. त्याला मोकळे, गुंजणारे ड्रम प्रिय. शेवटी ड्रमचा नाद दाबून थोडासा ठेका मुद्रित केला, त्या फितीचा तेवढाच तुकडा कापून त्याची टोकं जोडली, आणि तो तुकडा गोल गोल फिरवत गाणं रचलं. ना सिंथेसायझर, ना ड्रम मशीन; तरी कानाला ते यंत्रच वाटतं. अमेरिकेत हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे यंत्रासारखा ठेका या बँडमध्ये खऱ्या यंत्राच्या आधीच येऊन पोचला होता, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला होता.

आता ड्रम मशीन. १९८० साली रॉजर लिन नावाच्या अमेरिकन तरुणाने एलएम-१ हे यंत्र बाजारात आणलं. किंमत जवळजवळ पाच हजार डॉलर. लिन स्वतः गिटारवादक होता. एरिक क्लॅप्टनने गायलेलं 'प्रॉमिसेस' हे गाणं त्याने दुसऱ्या एकासोबत लिहिलेलं आहे. यंत्र रॉकच्या बाहेरच्या माणसांनी लादलं असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्याआधीच्या ठेका-पेट्या ड्रमचा आवाज विजेने बनवत, आणि तो टिकटिक-फुसफुस असा यायचा. लिनने खऱ्या ड्रमरकडून एकेक थाप वाजवून घेतली आणि ती चिपमध्ये साठवली. बटण दाबलं की खरीच थाप ऐकू येते. मात्र स्मृती महाग होती. झांज कित्येक सेकंद गुंजत राहते, तेवढं साठवणं परवडणारं नव्हतं, म्हणून एलएम-१ मध्ये मोठी झांजच नाही. त्या काळातल्या बऱ्याच गाण्यांत झांज एक तर ऐकूच येत नाही, नाही तर नंतर माणसाने वेगळी वाजवलेली असते. हा ठसा एकदा ओळखता आला की सारखा सापडत राहतो.

पण खरा बदल वेळेच्या हिशेबात होता. समजा गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके आहे. एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ५०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १२५ मिलिसेकंदांचा. यंत्रावर ठेका भरताना तुमची थाप २० मिलिसेकंद उशिरा पडली, तर यंत्र ती उचलून जवळच्या १२५ च्या घरात नेऊन बसवतं. ठेका डुलता हवा असेल तर त्यासाठीही सोय आहे. दोन भागांच्या जोडीतला दुसरा भाग १२५ ऐवजी, समजा, १६५ मिलिसेकंदांवर ढकलायचा. पण मग तो प्रत्येक जोडीत बरोबर तिथेच पडणार, गाणं संपेपर्यंत.

माणूस असं वाजवत नाही. चांगला ड्रमर डाव्या हाताची मुख्य थाप किंचित मागे ठेवतो, म्हणजे ठेका भारदस्त वाटतो. ध्रुवपद जवळ आलं की दोघे-तिघे मिळून नकळत थोडे पुढे सरकतात, आणि मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी लय चढते. भजन रंगात आलं की पखवाज आणि टाळ कुणी न सांगता चढत जातात, तसंच हे. बासवादक ड्रमरकडे पाहतो, ड्रमर गायकाचा श्वास ऐकतो आणि लय त्यांच्यामध्ये कुठे तरी ठरते. ड्रम मशीन कुणाचंच ऐकत नाही. ते लावलं की लय गाणं सुरू होण्याआधीच ठरलेली असते आणि बाकीचे तिच्यावर आपापलं काम ठेवत जातात. कट्टर चाहते 'यात जीव नाही' म्हणायचे, तेव्हा त्यांच्या तक्रारीत निदान एवढं तथ्य होतं, आणि ते मोजून दाखवता येतं. गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळीने लय मोजा. मग हाय-हॅट, म्हणजे ड्रमसोबतची पायाने मिटणारी झांजांची जोडी, ऐका. माणसाच्या हातून एक आघात जोरकस आणि पुढचा हलका पडतो. जुन्या यंत्रात सगळे एकाच जातीचे, आणि भरभर आले की तडतड होते, कारण तीच एक साठवलेली थाप पुन्हा पुन्हा वाजत असते.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून 'हॉट स्पेस'कडे यावं. ही तबकडी मुख्यतः म्युनिकमध्ये, राइनहोल्ड मॅक या निर्मात्यासोबत तयार झाली आणि मे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिली बाजू जवळजवळ पूर्ण नाचाच्या संगीताची. पहिल्या 'स्टेइंग पॉवर' या गाण्यात बास गिटार नाही, तिथे सिंथेसायझरचा बास आहे आणि वर फुंकवाद्यं. 'बॉडी लँग्वेज' या गाण्यात गिटार जवळपास नाहीच. 'बॅक चॅट'च्या वेळी डीकनला गिटारची एकल फेरी नको होती आणि ब्रायन मे याला हवी होती. त्यावरून दोघांचं वाजलं. शेवटी ती फेरी राहिली, आणि त्या बाजूवर गिटार मोकळा श्वास घेते अशा थोड्या जागांपैकी ती एक आहे.

माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे. चाहत्यांना सिंथेसायझर ऐकू आला म्हणून ते बिथरले नाहीत. दोन वर्षांपूर्वी तो त्यांनी ऐकला होताच. त्यांना गिटार ऐकू आली नाही. सिंथेसायझरवर धरलेली भरगच्च कॉर्ड आणि गिटारचा फाटका, गुरगुरता आवाज, हे दोघे ध्वनीच्या साधारण त्याच मधल्या पट्टीत राहतात. दोन्ही पूर्ण जोरात लावले तर चिखल होतो, म्हणून मुद्रण जुळवताना कुणाला तरी मागे न्यावं लागतं. सिंथेसायझरची कॉर्ड सलग टिकते, ती जागा सोडत नाही. मग गिटारवादक छोटे छोटे कोरडे तुकडे वाजवू लागतो. 'हॉट स्पेस'मध्ये मे बराच वेळ नेमकं हेच करताना ऐकू येतो. त्याच वर्षी कॅनडाच्या 'रश' या बँडमध्येही हेच घडलं. 'सिग्नल्स' या तबकडीत कीबोर्ड पुढे आले, अॅलेक्स लाइफसनची गिटार मागे गेली आणि चाहत्यांमध्ये तीच कुरकुर सुरू झाली. उलट १९८३ साली टेक्सासच्या 'झेडझेड टॉप'ने 'एलिमिनेटर' काढली. तिच्यात ठोके घड्याळासारखे आहेत आणि सिंथेसायझरही भरपूर आहे, पण बिली गिबन्सची गिटार सगळ्यांच्या पुढे उभी आहे. ती तबकडी एकट्या अमेरिकेत पुढे एक कोटीच्या वर खपली. नाकं तिथेही मुरडली गेली, पण श्रोते सोडून गेले नाहीत.

'हॉट स्पेस'वरच्या रागात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती, आणि ती शोभणारी नव्हती. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली गेली. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्को हे कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनोंच्या आणि समलैंगिकांच्या क्लबांमध्ये वाढलेलं संगीत. 'रॉक खरं, डिस्को खोटं' या घोषणेत ते लोक नकोत हेही पुष्कळदा दडलेलं असे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने केस कापले, मिशी ठेवली, तेव्हा अमेरिकेतल्या कार्यक्रमांत काही प्रेक्षकांनी मंचावर दाढीचे रेझर फेकले होते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला, तिथेच मित्रांसोबत पहिला बँड काढलेला हा पारशी मुलगा 'आमचं' संगीत बिघडवतो आहे, अशी तक्रार करणाऱ्यांच्या मनात काय काय होतं, ते ठोक्यांच्या हिशेबात मांडता येत नाही. हा राग आणि गिटारबद्दलची तक्रार एकाच तोंडून निघाली तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोटापाण्याची तक्रार तर तिसरीच. त्याच १९८२ साली ब्रिटनच्या वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी हवी असा ठराव केला. निमित्त होतं गायक बॅरी मॅनिलोच्या दौऱ्याचं, ज्यात वाद्यवृंदाचं काम सिंथेसायझरवर भागवलं गेलं होतं. बंदी काही आली नाही. पण व्हायोलिन वाजवून घर चालवणाऱ्याची भीती खरी होती, आणि रेझर फेकणाऱ्यांच्या पंगतीत त्याला बसवणं अन्याय ठरेल.

'द गेम' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर होती. 'हॉट स्पेस' ब्रिटनमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. १९८२ नंतर फ्रेडीसह क्वीनचा अमेरिकेत पुन्हा दौरा झाला नाही. त्यामागे इतरही कारणं होती, पण घसरणीची सुरुवात इथलीच. मे आणि टेलर दोघांनीही पुढे या तबकडीबद्दल नाराजी बोलून दाखवली.

तरी मला सर्वांत बोलकी वाटते ती जून १९८२ मधली, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स बोल या खुल्या मैदानातली मैफल. तिचं मुद्रण २००४ साली प्रसिद्ध झालं. 'स्टेइंग पॉवर' सुरू करण्याआधी फ्रेडी प्रेक्षकांना सरळ सांगतो, की आम्ही नवे आवाज आणलेत म्हणजे आमचं रॉक अंगातून गेलं असं नाही, ही फक्त एक तबकडी आहे, लोक उगाच पेटतात. आणि मग ते गाणं ते वेगळंच वाजवतात. ड्रमवर टेलर स्वतः बसलेला. डीकनने बास बाजूला ठेवून गिटार घेतलेली, म्हणजे मंचावर आता दोन गिटार. फुंकवाद्यांच्या जागा गिटारने भरल्या आहेत. तबकडीवरचं गाणं आणि हे गाणं लागोपाठ ऐकावं. स्वर तेच, शब्द तेच. तबकडीवर ठेका भिंतीसारखा उभा आहे आणि फ्रेडी त्याच्यावर खेळतो. मैफलीत टेलर त्याला मागून ढकलतो, तोही ओरडून पुढे जातो, आणि गाणं चक्क जड रॉक होतं. चाहत्यांना जे गेल्यासारखं वाटत होतं ते रचनेतून गेलेलंच नव्हतं. मुद्रणाच्या पद्धतीने ते बाहेर ठेवलं होतं.

मग १९८४ आलं. 'द वर्क्स' या तबकडीत मेची गिटार परत पुढे आली, पण यंत्रंही राहिली. 'रेडिओ गा गा' हे त्यातलं सर्वांत यंत्रमय गाणं. सिंथेसायझरचा चालता बास, यंत्राचा एकसुरी ठेका. ते लिहिलं टेलरने, ज्याला चार वर्षांपूर्वी दाबलेल्या ड्रमचं वावडं होतं. ज्युपिटर-८ आणि ड्रम मशीन घेऊन तो बसला आणि गाणं उभं राहिलं. ड्रमरलाच ड्रम मशीनवर गाणं रचता येतं, हे मला त्याच्या पराभवाचं लक्षण वाटत नाही. ठेका यंत्राकडे दिला की ड्रमरचं डोकं चालीसाठी मोकळं होतं, आणि मंचावर तो हवं तेव्हा काठ्या उचलतोच. १९८५ च्या जुलैत लंडनच्या वेम्बली मैदानात 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत त्या गाण्याच्या ध्रुवपदावर हजारो लोकांनी डोक्यावर हात नेऊन एकसाथ टाळ्या वाजवल्या. एवढा साधा, न हलणारा ठेका होता म्हणूनच एवढ्या लोकांना तो एकत्र पकडता आला.

आणि त्याच तबकडीतलं डीकनचं 'आय वाँट टू ब्रेक फ्री'. मधली एकल फेरी ऐकून आजही बहुतेकांना वाटतं की ही मेची गिटार. ती गिटार नाही. कॅनडाचा कीबोर्डवादक फ्रेड मँडेल याने ती ज्युपिटर-८ वर वाजवली आहे. स्वर वाकवायचा जो दांडा त्या यंत्राला असतो, तो असा हलवला आहे की तार ओढल्याचा भास व्हावा. सत्तरच्या दशकात लोक मेच्या गिटारला सिंथेसायझर समजत होते. आता सिंथेसायझरला मेची गिटार समजू लागले. पुढे कार्यक्रमांमध्ये हे गाणं आलं की ती फेरी मे आपल्या गिटारवर वाजवत असे.